ट्रॉम्बोनच्या एका सुरातून अठरा जणांचा वाद्यवृंद: ग्रिझेचं 'पार्सिएल' नक्की कसं बनलंय?

रानवारा
जेरार ग्रिझे नावाच्या फ्रेंच संगीतकाराची 'पार्सिएल' नावाची रचना आहे, १९७५ ची, अठरा वादकांसाठी. सुरुवातीला डबल बास एकच खालचा सूर दाणदाण वाजवतो, वर ट्रॉम्बोन ठणकावून लागतो, आणि मग हळूहळू एकेक वाद्य वर चढत जातं आणि हवेत एक झगझगीत ढग तयार होतो. मग सगळं विरतं, परत तोच बास, परत ढग, असं चालूच. सगळीकडे लिहिलेलं सापडतं की हे "ट्रॉम्बोनच्या आवाजाच्या विश्लेषणातून" काढलंय. म्हणजे नेमकं काय केलं? मशीनमधून कागद निघाला आणि त्यावरून नोटेशन लिहिलं का? आणि त्यात पाव सूर, म्हणजे अर्ध्या स्वराचे पण अर्धे, का लागतात? मला कळण्यासारख्या भाषेत कोणी सांगाल का, मी हार्मोनियम वाजवते, गणित दहावीपर्यंतचं आहे.

चहाटळ
ऐकलं पाच मिनिटं. आमच्या गल्लीत लग्नाच्या वरातीआधी बँडवाले वाद्यं जुळवतात तेव्हा फुकटात ऐकायला मिळतं हे.

मंद्रसप्तक
@चहाटळ बँडवाले जुळवताना प्रत्येकजण आपापल्या सुरात असतो, इथे उलट आहे, सगळे एकाच सुराच्या आत बसलेत. असो.

@रानवारा तुमचा अंदाज बराचसा बरोबर आहे, कागद खरंच निघायचा. पॅरिसमध्ये तेव्हा ध्वनिशास्त्रज्ञ एमिल लाइप यांची प्रयोगशाळा होती, तिथे सोनोग्राफवर वाद्यांचे आवाज कागदावर उमटवता यायचे, आडवा वेळ आणि उभी कंपनसंख्या. त्यावर एक सूर म्हणजे एक रेघ दिसत नाही, एकावर एक रेघांची शिडी दिसते. त्या रेघा म्हणजे पार्शल्स.

हार्मोनियमवाल्यांना समजेल असं सांगतो. 'पार्सिएल'चा पाया म्हणजे डबल बासची सगळ्यात खालची तार, ई, साधारण ४१.२ हर्ट्झ. याला सा म्हणू. त्याचे पार्शल्स म्हणजे त्याचीच दुप्पट, तिप्पट, चौपट... समसंख्यांचे पार्शल्स आधी येऊन गेलेल्या स्वरांचीच वरची अष्टकं असतात, नवे स्वर विषम संख्यांवरच येतात. तिसरा म्हणजे पंचम. पाचवा म्हणजे गंधार, पण हार्मोनियमच्या गंधारापेक्षा १४ सेंट उतरलेला, सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. सातवा कोमल निषादाच्या आसपास पण ३१ सेंट खाली. नववा रिषभ. अकरावा शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या बरोब्बर मधे. तेरावा कोमल आणि शुद्ध धैवताच्या मधे कुठेतरी. आता ग्रिझेने काय केलं, तर या शिडीची एकेक पायरी एकेका वाद्याला वाटून दिली. यंत्र जे साध्या लहरी मिळवून करतं ते त्याने माणसं मिळवून केलं, त्याला ग्रिझे आणि त्याच्या जोडीचे संगीतकार वाद्यांनी केलेलं सिंथेसिस म्हणायचे. पाव सूर लागतात ते यामुळे, कोणाला विचित्र वाजवायची हौस होती म्हणून नाही. अकरावा पार्शल पियानोच्या पट्ट्यांमधे सापडतच नाही, सरळ फटीत पडतो.

तात्या मिरजकर
हे सगळं आपल्याकडे दोन हजार वर्षांपासून आहे. २२ श्रुती म्हणजे दुसरं काय? सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली इंग्रजीत पुस्तक लिहून आकडे दिले, श्रुतींची हार्मोनियम बनवून घेतली. फ्रेंचांनी साठ-पासष्ट वर्षांनी शोध लावला म्हणे. चांगल्या तंबोऱ्यात गंधार आपोआप बोलतो तो हाच पाचवा पार्शल. आमच्या मिरजेत जवारी लावणाऱ्या कारागिराला हे कोणी शिकवावं लागत नाही.

रानवारा
तात्या, स्वयंभू गंधार १४ सेंट उतरलेला असतो हे आज कळलं, म्हणूनच तंबोऱ्यावर हार्मोनियमचा ग टोचतो होय!

मंद्रसप्तक
तंबोऱ्याचं तात्यांचं अगदी बरोबर, तो गंधार पाचवाच पार्शल आहे. पण श्रुती आणि हे एकच, हे मला पटत नाही, आणि ते आकड्यांनी दाखवता येतं. श्रुतींचे जे रूढ आकडे मांडतात ते २, ३ आणि ५ या संख्यांच्या गुणोत्तरांतून काढलेले असतात. त्यात कोमल निषादाच्या दोन जागा मिळतात, सा पासून ९९६ सेंट आणि १०१८ सेंट. सातवा पार्शल पडतो ९६९ वर. म्हणजे खालच्या कोमल निषादापेक्षाही २७ सेंट खाली, त्या यादीत बसतच नाही. अकरावा ५५१ वर, आणि यादीतले मध्यम ४९८, ५२०, ५९०, ६१२. पुन्हा बाहेर. पाचापर्यंत दोघे एका वाटेने जातात, सातला वाटा फुटतात.

आणि दुसरं म्हणजे काम वेगळं. दरबारीतला गंधार कुठून येतो, कसा डोलतो, कुठे जातो यावर त्याची जागा ठरते. ग्रिझेच्या अकराव्या पार्शलला असं काही व्यक्तिमत्त्व नकोच आहे, त्याने खालच्या ई मधे विरघळून जावं एवढीच त्याची नोकरी. तो ओळखू आला तर वादक चुकला.

तात्या मिरजकर
आकडे पाश्चात्य पद्धतीने काढले की असंच होणार. कान काय सांगतो ते बघा. गवई निषाद किती उतरवतो ते तुमच्या २-३-५ ला विचारून उतरवत नाही.

मंद्रसप्तक
हे मात्र मान्य आहे, गवई यादी बघून गात नाही.

धोंडू
४३२ हर्ट्झवर वाद्यं लावली तर शरीरातल्या पाण्यावर चांगला परिणाम होतो त्याबद्दलच आहे ना हा धागा? माझ्याकडे त्याच्या फाइल्स आहेत, कोणाला हव्या असतील तर सांगा.

मंद्रसप्तक
नाही हो. इथे पट्टी कुठलीही चालेल, सगळं एकमेकांच्या प्रमाणात आहे.

सुमेधा_के
मला वेगळाच प्रश्न आहे पण जुळतोय म्हणून इथेच विचारते. मी घरच्या तंबोऱ्याचं असं विश्लेषण करायला घेतलं, काळी एकला लावलेला पुरुषी तंबोरा. फोनवर रेकॉर्ड केलं, Audacity मधे Plot Spectrum केलं, साइज २०४८. मला वाटलं होतं सुया सुया दिसतील, पण दिसतायत एकमेकांत मिसळलेले डोंगर, खालच्या भागात तर नुसता उतार. मग मी शिखरांवर माऊस नेऊन आकडे लिहून घेतले तर ते कशाच्याच पटीत येत नाहीयेत. तंबोरा बिघडलाय की फोन?

मंद्रसप्तक
दोन्ही ठीक असावेत. हे सगळ्यांचंच होतं आणि मूळ विषयाला धरून आहे म्हणून सविस्तर लिहितो.

रेकॉर्डिंग ४४१०० ला केलं असेल तर २०४८ च्या साइजमधे कंपनसंख्येचा एकेक खण २१.५ हर्ट्झचा होतो. शिवाय हॅन विंडो वापरली की एका शुद्ध सुराचं शिखर चार खण रुंद पसरतं, म्हणजे ८६ हर्ट्झ. तुमचा खर्ज काळी एकचा, म्हणजे ६९.३ हर्ट्झ, त्याचे पार्शल्स एकमेकांपासून ६९ हर्ट्झवर. ८६ रुंदीची शिखरं ६९ अंतरावर उभी केलीत तर डोंगररांगच दिसणार. साइज १६३८४ करा, खण २.७ चा होईल, शिखर साधारण ११ हर्ट्झ रुंद, आणि सुया वेगळ्या होतील.

पण याची किंमत वेळेत मोजावी लागते. १६३८४ नमुने म्हणजे ०.३७ सेकंद. तार छेडल्यावर पहिल्या दहाव्या हिश्श्यात जे होतं ते सगळं त्या एका चौकटीत पुसलं जातं. बारीक सूर हवा तर वेळ ढोबळ, बारीक वेळ हवा तर सूर ढोबळ, यातून सुटका नाही. आणि Plot Spectrum तर तुम्ही निवडलेल्या सगळ्या भागाची सरासरी काढून एकच चित्र देतं. तंबोऱ्याचं सगळं सौंदर्य म्हणजे जवारीमुळे जोर एका पार्शलवरून दुसऱ्यावर सरकत जातो ते, आणि तेच सरासरीत जातं. त्यापेक्षा Sonic Visualiser मधे स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे सोनोग्राफच्या कागदासारखंच चित्र, बघा.

अजून एक, चारही तारा एकत्र रेकॉर्ड केल्या असतील तर गुंता आहेच. पंचमाची तार १०३.८ वर, तिचा दुसरा पार्शल आणि खर्जाचा तिसरा दोन्ही २०८ च्या जवळपास. कोणाचा कुठला ते चित्र सांगणार नाही. खर्ज एकटा छेडा, बाकीच्या तारांवर हात ठेवा.

सुमेधा_के
अरे वा, तंबोरा वाचला म्हणायचा. पण बाकीच्या तारा दाबल्या तर ती गुंजनच जाते ना, मग मी कशाचं विश्लेषण करतेय?

तात्या मिरजकर
हेच म्हणतोय मी! तुकडे करून तंबोरा सापडत नाही. आणि सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मधेच दाखवलंय की तंबोऱ्याची तार नेहमीचा नियम पाळत नाही. एखाद्या पार्शलच्या स्थिर बिंदूवर तार छेडली तर तो पार्शल ऐकू यायला नको, इथे जवारीमुळे येतो.

मंद्रसप्तक
रामन यांचं निरीक्षण खरं आहे, आणि सुमेधांचा प्रश्न पण रास्त आहे. मी सुद्धा एकटी तार आधी बघतो ती फक्त ओळख पटवायला, संगीत मग चारही तारांवरच.

आता @रानवारा, तुमच्या मूळ प्रश्नाचा उरलेला भाग, कागदावरून नोटेशन कसं होतं. खालचं सहा ओळींचं पायथन चालवून बघा, कुठल्याही ऑनलाइन खिडकीत चालेल.

```python
import math
f0 = 41.2
for n in range(1, 22, 2):
    c = 1200 * math.log2(n) % 1200
    q = round(c / 50) * 50
    print(n, round(n * f0, 1), round(c), q, round(c - q))
```

पहिला आकडा पार्शलचा नंबर, मग हर्ट्झ, मग सा पासून सेंट, मग जवळचा पाव सूर, आणि शेवटी राहिलेली चूक.

रानवारा
चाललं!! अकराव्याला चूक फक्त १ येतेय. पण सातव्याला १९ आणि एकविसाव्याला २१. म्हणजे पाव सुरात लिहून पण बसत नाहीये की. मग एवढा खटाटोप कशाला?

मंद्रसप्तक
छान पकडलंत. सातवाच घेऊ. खरा सातवा पार्शल २८८.४ हर्ट्झ. पाव सुरात लिहिला तर वादक वाजवणार २८५.३. पियानोवरचा जवळचा डी घेतला असता तर २९३.७. आता डबल बासच्या तारेत तिचा स्वतःचा सातवा पार्शल २८८.४ वाजतोच आहे. त्याच्याशी पाव सुराची टक्कर सेकंदाला तीनेक ठोक्यांची, पियानोच्या डी ची पाचेक ठोक्यांची. म्हणजे पाव सुराने फरक पडतो पण चमत्कार होत नाही. सुराचे सहा भाग करून लिहिलं तर सातवा जवळजवळ तंतोतंत बसतो, पण तसं वाजवून घ्यायला तालमी जास्त लागतात.

आणि हे वादकाच्या बाजूने पण बघा. तंतुवाद्यवाला कंप न देता बोट सरकवून मिळवतो, बासरीवाल्याला वेगळी बोटं शोधावी लागतात, आणि त्या संचात अकॉर्डियन पण आहे, ते बिचारं तुमच्या हार्मोनियमसारखंच ठरलेल्या पट्ट्यांचं, ते पाव सूर देणारच नाही. त्यामुळे कुठला पार्शल कोणाला द्यायचा हा व्यवहाराचा प्रश्न असतो. विश्लेषणातून जे निघतं ते कच्चं धान्य आहे, निवडून पाखडून घ्यावं लागतं.

स्वर हे एक झालं, पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचा आहे क्रम. पितळी वाद्यात सूर लागताना खालचे पार्शल्स आधी उठतात, वरचे किंचित मागाहून. सेकंदाच्या बारीक हिश्श्यात हे उरकतं, कानाला फक्त "ट्रॉम्बोन लागला" एवढंच कळतं. ग्रिझेने ते ताणून काही सेकंदांचं केलं. म्हणून तुम्हाला वाद्यं खालून वर चढताना ऐकू आली. आणि जोर पण त्यातूनच, ट्रॉम्बोनच्या खालच्या सुरात मूळ पार्शल सगळ्यात मोठा नसतो, वरचे काही त्याच्याहून जोरदार असतात, तेव्हा कोणी किती जोरात वाजवायचं हेही कागदावरूनच सुचतं.

आम्लपरीक्षा
मी कंझर्व्हेटरीत शिकलोय त्यामुळे हे सगळं पचवून झालंय, आणि मला एक शंका कायम राहिली. म्हणतात "हार्मनी आवाजातूनच काढली". पण आवाजाच्या कुठल्या क्षणातून? सुरुवातीच्या की दोन सेकंदांनंतरच्या? किती पार्शल्स घ्यायचे, कुठले गाळायचे, कुठे गोल करायचं? हे सगळं संगीतकारच ठरवतो. मग वैज्ञानिक कागदाचा शिक्का कशाला, सरळ सांगा की मला हा कॉर्ड आवडला. शिवाय ट्रॉम्बोनचं विश्लेषण केलं काय आणि चेलोचं केलं काय, पार्शल्सच्या जागा त्याच १, २, ३, ४. सोनोग्राफ नसता तरी कागद-पेन्सिलीवर आला असता हा कॉर्ड.

आणि ऐकायला तो ट्रॉम्बोनसारखा लागत पण नाही.

मंद्रसप्तक
शेवटचं आधी घेतो. ट्रॉम्बोनसारखा लागत नाही हे खरंच, लागूच शकत नाही. पार्शल म्हणजे साधी लहर, आणि इथे प्रत्येक पार्शलच्या जागी एक अख्खं वाद्य उभं आहे ज्याचे स्वतःचे पार्शल्स आहेत. शिवाय सगळे एकदम सुरू होत नाहीत, कोणाचा श्वास, कोणाचा गज. त्यामुळे कान धड एकच आवाज ऐकत नाही आणि धड अठरा वाद्यंही ऐकत नाही. कॉर्ड आणि आवाजाचा रंग यांच्या मधली ही जागा त्याला हवी होती असं मला वाटतं.

जागांबद्दल तुमचं म्हणणं मान्य, स्वरांच्या जागा पेन्सिलीवर येतात. जोर आणि क्रम येत नाहीत, ते मोजावेच लागतात. पण खरी गंमत पुढे आहे. तो ढग पुन्हा पुन्हा येतो तेव्हा दर वेळी थोडा बिघडवलेला असतो. काही विषम पार्शल्स एक अष्टक खाली आणलेत. अकरावा होता ४५३ वर, तो खाली आणला की २२६.६, म्हणजे मूळ सुराच्या साडेपाच पट. साडेपाचावा पार्शल नसतोच! नाव तेच, पण तो आता कुटुंबाबाहेरचा झाला. असं करत करत आवाज घासट, गोंगाटाकडे सरकत जातो. हे कुठल्या सोनोग्राफने सांगितलेलं नाही, ती रचना आहे.

रानवारा
हे ऐकताना जाणवलं होतं, तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून काहीतरी आंबत चाललंय असं. कारण आत्ता कळलं.

चहाटळ
माझा मुलगा सिंथवर रिंग मॉड्युलेशन म्हणून एक बटण दाबून असलेच आवाज काढतो, त्याचा याच्याशी संबंध आहे का? खरंच विचारतोय.

मंद्रसप्तक
आहे आणि थेट आहे. ते बटण दोन सूर घेतं आणि त्यांची बेरीज आणि वजाबाकी देतं. 'पार्सिएल'मधे पुढे हेच वाद्यांकडून करवून घेतलंय. घरच्या घरी करून बघा. ४४० आणि ३३० घेतलेत तर वजाबाकी ११०, बेरीज ७७०. हे चारही ११० चे पार्शल्स, गुण्यागोविंदाने बसतात. आता ४४० आणि त्याच्या शेजारची काळी पट्टी ४६६.२ घ्या. वजाबाकी २६.२, पियानोच्या सगळ्यात खालच्या पट्टीच्याही खाली. बेरीज ९०६.२, आणि ती पडते वरच्या अष्टकातल्या त्याच दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे. म्हणजे पियानोचेच दोन सूर दिलेत आणि उत्तरात पाव सूर आला.

या मंडळींपैकी त्रिस्तां म्युरायने १९८० च्या 'गोंडवाना'त तर खऱ्या आवाजाचं विश्लेषणही केलं नाही, सिंथेसायझरच्या एफएमचं, म्हणजे एका सुराने दुसऱ्याची कंपनसंख्या हलवायचं, सूत्र घेतलं आणि त्यातून घंटेसारखे कॉर्ड्स काढून ते ट्रम्पेटसारख्यांकडे सरकवले. तेव्हा @आम्लपरीक्षा, कागदाचा शिक्का सगळ्यांना लागत नव्हता.

आम्लपरीक्षा
मग "आवाजातूनच काढलेली हार्मनी" हे वाक्य निदान म्युरायपुरतं तरी सोडून द्या. सूत्रातून काढलेली म्हणा. माझा आक्षेप संगीताला नाही, जाहिरातीला आहे.

मंद्रसप्तक
जाहिरात त्यांनी स्वतः कमीच केली. या संगीताला 'स्पेक्ट्रल' हे नाव संगीतकार युग द्युफूरने १९७९ मधे दिलं, ग्रिझेला ते फारसं आवडलं नव्हतं. पण सूत्रातून आलेले आकडे पण खऱ्या ऐकू येणाऱ्या आवाजाचेच आहेत ना, सिंथेसायझरने वाजवले की घंटाच ऐकू येते. मला यात फसवणूक दिसत नाही.

आम्लपरीक्षा
मला दिसते. असू दे.

रानवारा
घंटेवरून, खऱ्या घंटेचं कोणी केलंय का असं? घंटेचे पार्शल्स १, २, ३ च्या पटीत नसतात असं वाचलंय.

मंद्रसप्तक
जोनाथन हार्वीने, १९८० मधे, विंचेस्टर कॅथीड्रलच्या मोठ्या घंटेचं. पण ती वाद्यांची नाही, टेपची रचना आहे, घंटा आणि त्याच्या मुलाचा गाण्याचा आवाज. घंटेत जे पार्शल्स सापडले त्यातले आठ घेऊन रचनेचे आठ विभाग, प्रत्येकाचा पाया एकेक पार्शल. तिथे आम्लपरीक्षांचा पेन्सिलीचा मुद्दा चालत नाही, प्रत्येक घंटेची शिडी वेगळी, मोजल्याशिवाय कळतच नाही.

तात्या मिरजकर
ते 'पार्सिएल' आज पूर्ण ऐकलं. शेवटी वादक कागद चुरगळतात, वाद्यं आवरायला लागतात आणि झांजवाला झांजा उगारून उभा राहतो तर दिवेच घालवले म्हणे! पैसे परत मागितले असते मी. सुरुवातीची दहा मिनिटं मात्र बरी आहेत, षड्ज लावल्यासारखी.

चहाटळ
तात्या पूर्ण ऐकतात म्हणजे धागा यशस्वी.

सुमेधा_के
१६३८४ ने केलं. खर्ज एकटा छेडला, सुया आल्या, ६९ च्या पटीत अगदी ओळीने. पाचवा ३४६-३४७ च्या आसपास आहे म्हणजे तात्यांचा गंधार. पण स्पेक्ट्रोग्राममधे एक गोष्ट कळली नाही, जवारीचा दोरा थोडा सरकवला की जोराचा पट्टा वर-खाली होतो, आणि तो पट्टा तार छेडल्यानंतर स्वतः पण खाली उतरत येतो. आता कॉर्ड लिहायचा तर कुठल्या क्षणाचा लिहू? मला तर सगळेच हवेत.

आम्लपरीक्षा
@सुमेधा_के हाच माझा प्रश्न होता.

मंद्रसप्तक
एकच नका लिहू. अर्ध्या-अर्ध्या सेकंदाला एक असे चार-पाच काढा, प्रत्येकातले सगळ्यात जोरदार सहा पार्शल्स ठेवा, बाकीचे गाळा आणि ओळीने वाजवून बघा. सहा का, तर हातात व्हायोलिनवाले किती मिळतायत त्यावर आहे ते. फाइल टाका इथे, मी पण बघतो.